छोट्या लॅबचं चेकअप पॅकेज: आटोपशीर की भरगच्च?

छोट्या लॅबने पॅकेज बांधताना आधी हे पाहावं, की कोणती टेस्ट आपल्या मशीनवर होते आणि कोणती बाहेर पाठवावी लागते. सवलत किती परवडेल, हे त्यावरच ठरतं.

समजा, दोन पॅकेजं समोर आहेत. आटोपशीर पॅकेजात सीबीसी, उपाशीपोटी साखर, एचबीए१सी, लिपिड प्रोफाइल, क्रिएटिनिन, एसजीपीटी आणि लघवीची रुटीन तपासणी. सगळं लॅबमध्येच होतं. भरगच्च पॅकेजात यावर टीएसएच, व्हिटॅमिन डी आणि बी१२, आणि या तिन्हींसाठी नमुना मोठ्या लॅबला जातो.

आता हिशेब. आटोपशीर पॅकेजातल्या टेस्टची सुट्टी किंमत मिळून १०० धरू आणि रीएजंट, ट्यूब, कंट्रोल यांचा खर्च ३०. चाळीस टक्के सवलत दिली तर ६० येतात, ३० उरतात. वाढीव तीन टेस्टची किंमतही १०० धरू, पण त्यातले ५० मोठी लॅब घेते. भरगच्च पॅकेजवर तीच सवलत दिली तर २०० चे १२० होतात, खर्च ८०, उरतात ४०. म्हणजे विक्री दुप्पट होऊनही हाती जेमतेम दहा जास्त, आणि त्यातूनच नमुना पोचवणं, रिपोर्टचा पाठपुरावा. साठ टक्क्यांवर गेलात तर भरगच्च पॅकेजात काहीच उरत नाही. आटोपशीरमध्ये निदान दहा उरतात. भाडं आणि पगार अजून धरलेले नाहीत.

म्हणून सरसकट सवलत मला चुकीची वाटते. घरच्या टेस्टवर ४० आणि बाहेरच्यांवर १५ टक्के दिली तर ६० आणि ८५ मिळून १४५ येतात, खर्च जाऊन ६५ उरतात. गिऱ्हाइकालाही एकूण साडेसत्तावीस टक्के सूट मिळते.

संख्या फुगवण्याचा आणखी एक तोटा आहे. बऱ्याच टेस्टची नॉर्मल रेंज निरोगी लोकांपैकी ९५ टक्के त्यात बसतील अशी ठरवलेली असते. एकमेकांशी संबंध नसलेले असे २० आकडे काढले, तर धडधाकट माणसाचाही एखादा तरी आकडा बाहेर जाण्याची शक्यता ६४ टक्के. मग घाबरून फोन येतात आणि टेस्ट पुन्हा करावी लागते.

खर्च कापायचा म्हणून ट्यूब मात्र कमी करू नका. साखरेसाठी फ्लोराइडची राखाडी ट्यूब हवीच. साध्या ट्यूबमध्ये सीरम वेगळं न करता रक्त पडून राहिलं तर पेशी साखर वापरतात आणि आकडा तासाला साधारण पाच ते सात टक्के घसरतो. एचबीए१सी वाढलेलं आणि उपाशीपोटीची साखर मात्र अगदी छान, असे रिपोर्ट वारंवार दिसू लागले तर आधी ट्यूब आणि वेळ तपासा. जेवणानंतरची साखर पॅकेजात घालू नये. दुसऱ्यांदा रक्त द्यायला बरेच जण येत नाहीत आणि रिपोर्ट अडकून पडतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने आटोपशीर पॅकेज ठेवावं आणि बाहेरच्या तीन टेस्ट, डॉक्टरांनी सांगितल्या तर, कमी सवलतीत वेगळ्या जोडून द्याव्यात.