तेल उडालं: नळ की मलम?

पुऱ्या तळताना हातावर तेल उडालं की आधी नळ गाठायचा की मलमाची ट्यूब, असं शेजारच्या वहिनींनी विचारलं.

उष्णता काढण्यात नळच सरस. तेल पुसलं तरी त्वचेच्या आत शिरलेली उष्णता पुढेही भाजत राहते. वाहत्या साध्या पाण्याखाली हात वीस मिनिटं धरायचा. दोन मिनिटांत आग थांबली म्हणून काढायचा नाही. उशीर झाला तरी तीन तासांपर्यंत याचा उपयोग होतो. मात्र बर्फ नको, त्याने त्वचेला आणखी इजा होते. सूज चढण्याआधी अंगठी, बांगड्या उतरवा.

मलम लगेच लावलं तर उष्णता आत कोंडते आणि डॉक्टरांना जखम नीट दिसत नाही. हळद, टूथपेस्टचंही तेच.

म्हणून ताज्या भाजण्याला नळ. हात गार झाल्यावर त्वचा नुसती लाल, अखंड असेल तर व्हॅसलीन चालेल. फोड आले तर फोडू नका, स्वच्छ कापडाने सैल झाकून दवाखाना गाठा. जागा पांढरी, बधिर वाटली तर दुखत नसलं तरी लगेच जा.