पीटीई स्पीकिंग: आधी वाचनाचा सराव की ऐकून म्हणण्याचा?

पीटीई ही इंग्रजीची परीक्षा तोंडावर आली की दोन्हींना पुरेल इतका वेळ कुणाकडेच नसतो. मी दोन्हींचा सराव केला आणि शेवटी रिपीट सेन्टेन्सकडे, म्हणजे ऐकलेलं वाक्य जसंच्या तसं म्हणण्याकडे झुकलो. तुमचं वेगळं असू शकतं, पण माझं कारण सांगतो.

रीड अलाउडमध्ये साठेक शब्दांपर्यंतचा उतारा समोर असतो, तयारीला अर्धा मिनिट मिळतं. काही विसरायची भीती नाही, म्हणून हाच प्रकार सोपा वाटतो. मला नडलं ते नेमकं इथेच. मजकूर डोळ्यांसमोरच राहतो. समजा ‘इकॉनॉमिकल’ऐवजी तोंडून ‘इकॉनॉमिक’ गेलं, की डोळा लगेच चूक दाखवतो आणि जीभ मागे वळते. गुण देणाऱ्या सॉफ्टवेअरला मूळ मजकूर माहीत असतो; आपला आवाज ते त्याच्याशी शब्दाला शब्द लावून पाहतं. बदललेला, गाळलेला, जादा घातलेला असा प्रत्येक शब्द चुकीत धरला जातो. तसंच पुढे गेलात तर चूक एकच. मागे येऊन ‘इकॉनॉमिकल’ म्हटलंत तर जादा शब्द येतो, शिवाय ओघ तुटतो आणि त्याचा फटका फ्लुएन्सीच्या वेगळ्या गुणांना बसतो. आपल्याला शाळेपासून चुकलं की पुन्हा नीट वाचायला लावलेलं असतं. ती सवय मोडायला फार वेळ जातो.

रिपीट सेन्टेन्समध्ये मागे ओढणारं असं समोर काहीच नसतं. ‘द लायब्ररी विल बी क्लोज्ड ऑन मंडे फॉर द ॲन्युअल स्टॉक चेक’ हे बारा शब्दांचं वाक्य घ्या. ‘मंडे’पर्यंतचे सात शब्द क्रमाने, न अडखळता म्हणून थांबलात, तरी निम्म्याहून अधिक झाले, कंटेन्टचे तीनपैकी दोन गुण मिळतात. हाच प्रश्न लिसनिंगलाही गुण देतो. सेंटरवर शेजारचे मोठ्याने बोलत असतात, त्यात वाक्याचा शेवट निसटू शकतो, हे मात्र खरं.

उच्चारांसाठीही मला याचाच उपयोग जास्त झाला. वाचताना आपण अक्षरांवर जातो आणि ‘डेव्हलप’चा जोर पहिल्या ‘डे’वर देतो, इंग्रजीत तो ‘व्हे’वर असतो. ऐकून लगेच म्हटलं की जोर आपोआप जागेवर बसतो. मराठी वळण लपवायची गरज नसते, शब्द ओळखू येणं महत्त्वाचं. ‘वेस्ट’ आणि ‘व्हेस्ट’ आपण सारखेच म्हणतो, तिथे मात्र घोळ होऊ शकतो.

शिवाय मुंबईत दोन खोल्यांच्या घरात रोज खड्या आवाजात उतारे कुठे वाचणार? लोकलमध्ये इअरफोन लावून वाक्यं पुटपुटता येतात. घरी आल्यावर तीच मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकायची. कुठे थांबलो ते लगेच कळतं. ओळखीचे इंग्रजी शब्दही वाचताना अडत असतील, तर मात्र सुरुवात रीड अलाउडनेच केलेली बरी.