खरी बाटली, बनवलेलं टेबल: सावली कुठून आणायची?

प्रॉडक्टचा फोटो खरा आहे आणि मागचं दृश्य एआयने बनवलेलं आहे. दोन्ही जोडताना सावलीसाठी तीन वाटा उरतात. फोटोतली खरी सावली सोबत आणायची, सावली हाताने रंगवायची, किंवा अख्ख्या चित्रावरचा उजेड मॉडेलकडून नव्याने पाडून घ्यायचा. मी तिन्ही एकाच बाटलीवर करून पाहिल्या, म्हणून त्या बाटलीवरूनच सांगतो.

बाटली 15 सेंटिमीटर उंच, तपकिरी काचेची. आत तेल, पुढे बारीक अक्षरांचं पांढरं लेबल. ती पांढऱ्या कागदावर ठेवली होती आणि सॉफ्टबॉक्स, म्हणजे पांढऱ्या कापडामागचा मऊ उजेडाचा दिवा, डावीकडून साधारण 45 अंशांच्या उंचीवर होता. बॅकग्राउंडमध्ये गडद लाकडी टेबल, एक कप आणि उजवीकडच्या खिडकीतून येणारं ऊन.

आधी दिशा, कारण ती नंतर सुधारत नाही

उजेड दोन बाजूंनी येतोय हे उघड होतं. बाटली आडवी उलटवता येत नाही, लेबल उलटं होतं. बॅकग्राउंड मात्र बिनधास्त उलटवता येतं, फक्त त्यात घड्याळ किंवा अक्षरं नसावीत. तेवढ्याने डावी-उजवी बाजू जुळली.

पण उंची उरली. उजेड 45 अंशांवर असेल तर वस्तूची सावली तिच्या उंचीएवढी पडते. 30 अंशांवर ती उंचीच्या सुमारे 1.7 पट होते. बनवलेल्या कपाची सावली बरीच लांब होती, म्हणजे तिथला सूर्य माझ्या सॉफ्टबॉक्सपेक्षा खाली होता. शिवाय सूर्य आकाशात जेमतेम अर्धा अंश रुंद दिसतो, म्हणून उन्हातल्या सावलीची कड धारदार असते. जवळच्या सॉफ्टबॉक्सची सावली मऊ असते आणि काचेवर त्याचा लांबट पांढरा पट्टा उमटतो. त्या पट्ट्यावरून प्रकाश कशाचा होता ते लगेच कळतं.

इथे मी बाटलीशी न झगडता बॅकग्राउंडच पुन्हा बनवलं: ऊन नको, ढगाळ दिवसाची मोठी खिडकी, टेबल रिकामं. सावली टाकणारी दुसरी वस्तू चित्रात नसली, की आपली सावली खोटी ठरवणारा साक्षीदारही नसतो. बनवलेल्या चित्रांत तर दोन वस्तूंच्या सावल्यांचंच आपसात पटत नाही असंही दिसतं. त्यामुळे टेबलावर शोभेच्या वस्तू मागायच्याच नाहीत, असं माझं ठाम मत आहे.

रंग

दृश्यातली सर्वांत उजळ भिंत लाल-हिरवा-निळा अशा क्रमाने 230, 215, 190 होती आणि लेबल 250 च्या आसपास शुद्ध पांढरं. खोलीतल्या भिंतीपेक्षाही पांढरं लेबल चिकटवल्यासारखं दिसणारच. एडिटरच्या Curves या साधनात निळा चॅनल थोडा खाली आणून लेबल भिंतीच्या दिशेने नेलं, पण अर्ध्यापर्यंतच. उरलेला अर्धा फरक भिंतीचा पिवळेपणा कमी करून भरला. ग्राहकाला काचेचा रंग ओळखता आला पाहिजे, म्हणून जास्त बदल बॅकग्राउंडने सोसावा.

खरी सावली आणायची वाट

यासाठी फोटो काढतानाच एक जादा काम करावं लागतं. कॅमेरा ट्रायपॉडवर, एक्स्पोजर हाताने पक्कं, बाटलीसह एक फोटो. मग बाटली उचलून, दिव्याला हात न लावता, रिकाम्या कागदाचा दुसरा. एडिटरमध्ये रिकामा फोटो वर ठेवून Divide हा ब्लेंड मोड लावला, म्हणजे खालचा फोटो वरच्याने भागला, की कागद सगळीकडे पांढरा होतो आणि फक्त बाटली व सावली उरते. हे एकत्र करून तो लेअर नव्या टेबलावर Multiply ने, म्हणजे गुणाकाराच्या ब्लेंड मोडने, बसवायचा आणि वर बाटलीचा कटआउट ठेवायचा. कागद फोटोत पूर्ण पांढरा जळलेला नको, नाहीतर सावलीची फिकट कड कायमची जाते.

यातून जे मिळतं ते दुसऱ्या कोणत्याही वाटेने मला मिळालं नाही. तपकिरी काचेतून जाणारा उजेड सावलीच्या मध्यावर एक नारिंगी डाग पाडतो. बुडाशी सावली गडद आणि धारदार, टोकाकडे जाताना पसरट. हे सगळं जसंच्या तसं आलं.

तरी बाटली पहिल्यांदा तरंगतच होती. कारण सावलीत नव्हतं, बाटलीत होतं: पांढऱ्या कागदावरून परतलेल्या उजेडाने तिचा खालचा भाग उजळला होता, आणि गडद लाकडावर तसं होत नाही. त्याच कागदाने सावलीही फिकी केली होती. बाटलीच्या तळापासून दोनेक सेंटिमीटर वर विरत जाणारा लाकडी रंगाचा Multiply दिला, सावली थोडी गडद केली, आणि बाटली टेबलावर बसली. तेलाच्या वरच्या रिकाम्या काचेतून मात्र अजून पांढरा कागदच दिसत होता. तिथे मागचं टेबल धूसर करून फिकट मिसळावं लागलं.

हाताने रंगवलेली

रिकाम्या कागदाचा फोटो नसेल तर हाच मार्ग. दोन सावल्या वेगळ्या काढाव्या लागतात: बुडाला चिकटलेली अरुंद, गडद रेघ, आणि लांब जाणारी फिकट सावली, जिचा ब्लर टोकाकडे वाढत जातो. सगळीकडे सारखा ब्लर हीच सर्वांत मोठी चूक. रंग काळा न घेता टेबलाच्याच सावलीतल्या भागातून उचलावा. अपारदर्शक डबा किंवा खोका असेल तर हे अगदी पटण्यासारखं होतं. काचेला होत नाही. नारिंगी डाग मी रंगवून पाहिला आणि तो सांडलेल्या तेलासारखा दिसला.

मॉडेलकडून उजेड

2024 मध्ये आलेलं IC-Light यासारखी मॉडेल्स बॅकग्राउंड बघून वस्तूवरचाच उजेड बदलतात. पहिल्या नजरेला हाच निकाल तिन्हींत सुंदर होता: काचेच्या कडेला खिडकी, तळाला लाकडाची झाक. मग लेबल मोठं करून पाहिलं. बारीक अक्षरं वितळली होती. अशी मॉडेल्स चित्र आकुंचित रूपात हाताळतात, IC-Light ज्यावर उभं आहे त्या Stable Diffusion या चित्रं बनवणाऱ्या मॉडेलमध्ये प्रत्येक बाजूने 8 पट, त्यामुळे छोटी अक्षरं टिकत नाहीत. काचेचा रंगही किंचित लालसर झाला होता.

यातून फक्त उजेड उचलता येतो. मूळ आणि नवा, दोन्ही फोटो अक्षरांच्या उंचीपेक्षा मोठ्या त्रिज्येने ब्लर करायचे, नव्याला मुळाने भागायचं आणि तो भागाकार मूळ स्वच्छ फोटोवर Multiply करायचा. भागाकार 1 च्या वर गेलेल्या जागा कापल्या जाऊ नयेत म्हणून हे 32 बिटमध्ये करावं. अक्षरं वाचतात, छटा येते. काचेवरचा नवा धारदार चकाकता पट्टा मात्र ब्लरमध्ये जातो. काचेचा लालसरपणाही याच भागाकारातून परत येतो. तो नको असेल तर भागाकार कृष्णधवल करावा, मात्र मग लाकडाची झाकही जाते.

फोटो अजून काढायचे असतील तर पहिली वाट घ्या. जादा फोटोला मिनिटही लागत नाही. फोटो आधीच झालेले आणि वस्तू अपारदर्शक असेल तर हाताने रंगवा. मॉडेल मी तेव्हाच वापरतो जेव्हा उजेडाची दिशा अजिबात जुळत नाही आणि पुन्हा फोटो काढणं शक्य नसतं, तेही वरच्या भागाकाराने. कोणतीही वाट घेतली तरी शेवटी चित्र कृष्णधवल करून अंगठ्याएवढं लहान करून बघा. तिथे बाटली उडी मारून पुढे आली तर चूक रंगात नाही, उजेडात आहे.