दोघांच्या कंपनीत स्क्रम की कानबान : सात महिन्यांच्या वापरानंतर

गृहनिर्माण संस्थांची देखभाल-बिले काढणारे सॉफ्टवेअर आम्ही दोघेच बनवतो, विकतो आणि बिघडले की दुरुस्तही करतो. पहिले तीन महिने आम्ही दोन आठवड्यांच्या स्प्रिंटचे स्क्रम चालवले आणि गेले चार महिने कानबान वापरत आहोत. दोन्हींची प्राथमिक माहिती वाचकांना असेल असे गृहीत धरून थेट अनुभव लिहितो.

बदलाचे निमित्त एका बुधवारी घडले. थकबाकीवरचे व्याज काही बिलांत दोनदा लागत असल्याचे एका संस्थेच्या सचिवांनी कळवले. दुरुस्ती त्याच दिवशी संध्याकाळी तयार झाली. परंतु स्प्रिंट संपायला नऊ दिवस होते आणि सगळे काम आढाव्यानंतर एकत्रच सोडायचे असा आमचा रिवाज असल्यामुळे ती तशीच पडून राहिली. या काळात सचिवांचे तीन फोन आले. तिसऱ्या फोनवर त्यांनी शांतपणे विचारले, “दुरुस्त झालंय म्हणता, मग आमच्याकडे का येत नाही?” माझ्याकडे उत्तर नव्हते.

मी रागाच्या भरात सगळा दोष स्क्रमला दिला, आणि तो चुकीचा होता. २०२०च्या स्क्रम गाइडमध्ये स्प्रिंट संपण्यापूर्वीही काम ग्राहकाला देता येते आणि आढावा हा त्यासाठीचा अडसर समजू नये, असे स्पष्ट म्हटलेले आहे. नऊ दिवसांचा उशीर आमच्याच रिवाजाचा होता. तरीही आम्ही स्क्रम सोडले, कारण खरी अडचण वेगळी होती. ग्राहकांचे फोन उचलणारेही आम्हीच असल्याने, सोमवारी ठरवलेले पंधरवड्याचे नियोजन बहुधा गुरुवारपर्यंतच टिकत असे. रोजच्या पंधरा मिनिटांच्या बैठकीबद्दल माझी भागीदार म्हणाली होती, “समोरासमोर तर बसतो आपण. तुझं काय चाललंय ते मला ऐकूच येतं.”

कानबानसाठी आम्ही भिंतीवरच्या पांढऱ्या फळ्यावर पाच रकाने आखले : ‘पुढे घ्यायचे’, ‘काम चालू’, ‘तपासणी’, ‘सोडण्यास तयार’ आणि ‘पोहोचले’. माणशी दरमहा पैसे घेणारे ऑनलाइन साधन त्याच दिवशी बंद केले, याचे मला आजही समाधान वाटते.

यांपैकी ‘तपासणी’ या एकाच रकान्यावर मी वाजवीपेक्षा जास्त लिहिणार आहे. माझे काम तिने तपासायचे आणि तिचे मी. दोघेही नवे काम लिहिण्यात गुंतले की तयार झालेली कार्डे या रकान्यात साचतात. फळ्याकडे पाहिले की भरपूर काम झाल्यासारखे वाटते, पण ग्राहकापर्यंत काहीच पोहोचलेले नसते. सुरुवातीला रकान्यांना मर्यादा घातली नव्हती, तेव्हा ‘काम चालू’ आणि ‘तपासणी’ मिळून नऊ कार्डे होती आणि आठवड्याला सरासरी तीन पूर्ण होत होती. म्हणजे हातात घेतलेले कार्ड पूर्ण व्हायला सरासरी तीन आठवडे. पुढे दोन्ही रकान्यांना प्रत्येकी दोनची मर्यादा घातली. आठवड्याला होणारे काम तीन कार्डांचेच राहिले, परंतु चार भागिले तीन, म्हणजे साधारण नऊ-दहा दिवसांत कार्ड बाहेर पडू लागले. ‘तपासणी’ भरली असेल तर नवे कार्ड उचलायचे नाही, आधी समोरच्याचे तपासायचे, एवढाच नियम आहे, आणि तो पाळणे फार जड जाते.

सोडण्याचे वार मंगळवार आणि गुरुवार, सकाळी अकराच्या आत. काही बिघडलेच तर तो दिवस हाताशी राहतो. शुक्रवारी मात्र काहीही सोडत नाही. चुकीच्या रकमेसारख्या तातडीच्या कामासाठी फळ्याच्या वरच्या बाजूला एकाच कार्डाची वेगळी पट्टी आहे, आणि तिथले काम वार न पाहता जाते.

दुसऱ्या महिन्यात मात्र कानबानविषयीचे माझे मत थोडे खाली आले. ऑनलाइन भरणा जोडण्याचे कार्ड १९ दिवस ‘काम चालू’मध्येच राहिले, कारण फोनवरून आलेले प्रत्येक किरकोळ काम त्याच्या आधी हाती घेतले जाई, आणि स्प्रिंटच्या शेवटी जो प्रश्न आपोआप विचारला जात असे तो आता कोणीच विचारत नव्हते. तेव्हापासून कार्ड उचलल्याची तारीख त्याच्या कोपऱ्यात लिहितो आणि सात दिवस उलटले की त्याचे तुकडे करतो. स्क्रममधली पंधरवड्याची मागे वळून पाहण्याची बैठकही परत आणली आहे. ती अर्ध्या तासात, चहासोबत आटोपते.

मर्यादेवरून वाद मात्र चालूच आहेत. गेल्या आठवड्यात ‘तपासणी’त दोन कार्डे असताना भागीदाराने तिसरे कार्ड फळ्याच्या चौकटीबाहेर, भिंतीवर चिकटवले होते. ते फळ्यावर नसल्यामुळे मोजायचे नाही, असे तिचे म्हणणे होते. मी मोजले, आणि मग निमूटपणे तपासायलाही बसलो, कारण तिन्ही कार्डे माझ्याच तपासणीसाठी थांबलेली होती.