गोडा मसाला पुण्याला, मेतकूट विजयनगरला: पोस्ट, कुरिअर एग्रीगेटर की बाइकवाला?

इंदूरच्या लोकमान्यनगरातून घरीच मसाले करून विकायला सुरुवात केली, की ऑर्डरी दोन वाटांनी येतात. काही शहरातल्याच, विजयनगरसारख्या भागांतल्या असतात. बाकीच्या पुणे, नाशिक, कोकण इथल्या नातेवाइकांकडून आणि त्यांच्या ओळखीतून येतात. या दोन वाटांना एकच सेवा लावली की पैसे वाया जातात.

आधी एक कागदाचं काम. दुसऱ्या राज्यात करपात्र माल विकायचा असेल, तर उलाढाल कितीही कमी असली तरी जीएसटी नोंदणी लागते. हस्तकलेच्या ठराविक वस्तूंना यात सूट आहे, मसाल्याला नाही. इंदूरचं पार्सल पुण्याला निघालं की ते दुसऱ्या राज्यातच गेलं. खाण्याचा पदार्थ असल्यामुळे अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, म्हणजे एफएसएसएआयची नोंदणीही हवी.

आता मुख्य प्रश्न वजनाचा. एग्रीगेटर, म्हणजे एका खात्यावरून अनेक कुरिअर कंपन्यांचे दर दाखवणारी सेवा. ती प्रत्यक्ष वजन आणि आकारमानाचं वजन यांपैकी जे जास्त असेल, त्याचे पैसे लावते. आकारमानाचं वजन साधारणपणे असं काढतात: लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि 5000 ने भागायचं. उत्तर किलोत येतं. दर बहुतेक 500 ग्रॅमच्या टप्प्याने चढतो.

गोडा मसाल्याची 200 ग्रॅमची दोन पाकिटं 20×15×8 सेंटिमीटरच्या खोक्यात घाला. खोकं आणि भरण धरून वजन 470 ग्रॅम भरतं. आकारमान 2400 भागिले 5000, म्हणजे 480 ग्रॅम. पहिल्या टप्प्यात बसलं. पण पाकीट सील करताना आत हवा राहिली, की झाकण मधोमध फुगतं. कुरिअरच्या केंद्रात मोजताना उंची 9 लागली, तर 2700 भागिले 5000 म्हणजे 540 ग्रॅम होतात आणि आकारणी एक किलोची येते. फरक एग्रीगेटरकडे आधी पैसे भरून ठेवलेल्या वॉलेटमधून कापला जातो आणि तो दोन-चार दिवसांनी दिसतो. म्हणून सील करण्याआधी तळहाताने पाकीट चपटं दाबून हवा काढा. बंद खोक्याचे दोन फोटो ठेवा, एक काट्यावर आणि एक शेजारी मोजपट्टी धरून. तक्रारीला मुदत थोड्याच दिवसांची असते, आणि फोटो नसेल तर तक्रार सहसा टिकत नाही.

स्पीड पोस्टात नंतर फरक कापण्याचा हा घोळ नाही. काउंटरवर वजन तुमच्यासमोर होतं, पैसे तिथेच ठरतात, पावतीवर 13 अक्षरांचा क्रमांक मिळतो. (रजिस्टर्ड पोस्ट 2025 मध्ये स्पीड पोस्टातच विलीन झालं आहे, तेव्हा वेगळं ‘रजिस्टर’ मागू नका.) कोकणातल्या खेड्याचा पिनकोड अनेक कुरिअर कंपन्यांच्या हद्दीबाहेर असतो, आणि तिथे ग्राहकाला तालुक्याच्या शाखेतून पार्सल आणायला सांगतात. पोस्टमन मात्र गावात जातोच. गैरसोय एवढीच की रांगेत तुम्हीच उभं राहायचं. दिवसाला दोन-तीन पार्सलं असतील तर जीपीओची फेरी परवडते. दहा झाली की तासभर जातो, आणि तेव्हा घरून उचलून नेणारा एग्रीगेटर खरा उपयोगी पडतो.

एग्रीगेटरकडे वळण्याचं दुसरं कारण म्हणजे कॅश ऑन डिलिव्हरी. इथे हिशेब करूनच उतरा. समजा पाठवणी 70 रुपये, परतीचे 60 आणि पोचलेल्या पार्सलवर सीओडीचे 35. दहा पार्सलं पाठवली आणि दोन परत आली, तर 700, 120 आणि 280 मिळून 1100 रुपये होतात. म्हणजे विकल्या गेलेल्या आठांमागे प्रत्येकी 137 रुपयांच्या वर गेले. शिवाय परत आलेला मसाला महिनाभर गोदामांत फिरून आलेला असू शकतो, तो पुन्हा विकू नये. पहिले सहा महिने पैसे आधी यूपीआयने घ्या.

शहरातल्या ऑर्डरींना अ‍ॅपवरून बोलावलेला बाइकवाला ठीक. लोकमान्यनगर ते विजयनगर तासाभरात पोचतं. पण भाडं अंतरावर असतं, वजनावर नाही, म्हणून 150 रुपयांच्या मेतकुटाला ते अंगावर येतं. पाऊस किंवा संध्याकाळची गर्दी असेल तर आणखी वाढतं. एकेक न पाठवता मंगळवार आणि शनिवार ठरवा, विजयनगर व पलासियाच्या ऑर्डरी एका फेरीत लावा आणि भाडं बिलात वेगळं दाखवा. आणि अ‍ॅपवर बाइक बोलावण्याआधी ग्राहकाला फोन करा. दारावर कुणी नसेल तर तीच बाइक भाडं दुप्पट करून पाकीट परत घेऊन येते.