मालवणी मेनूकार्ड आणि डायबेटिस: कोंबडी-वडे, सुरमई थाळी की भाकरी-मासा?

मामांच्या वाढदिवसाला दादरच्या एका मालवणी हॉटेलात जायचं ठरलं आणि मेनूकार्डाचा फोटो आदल्या दिवशीच फॅमिली ग्रुपवर आला. मामांना टाइप टू डायबेटिस आहे. मेटफॉर्मिन आणि ग्लिमेपिराइड चालू आहे, आणि आहारतज्ज्ञांनी दुपारच्या जेवणात साधारण ६० ग्रॅम कर्बोदकं ठरवून दिली आहेत. तुमचा आकडा वेगळा असू शकतो, पण पदार्थ निवडायची रीत तीच राहते.

अशा कार्डावर मोठ्या अक्षरात सुरमई, बांगडा, तिसऱ्या, कोंबडी असं लिहिलेलं असतं. साखर वाढवतं ते त्यांच्यासोबत येणारं पीठ आणि भात. मासळीत आणि चिकनमध्ये कर्बोदकं जवळजवळ नसतातच. म्हणून फोटो मोठा करून दराशेजारची बारीक अक्षरं वाचायची: ‘४ नग’, ‘भाकरी/चपाती’, ‘भातासह’. फोटोत तळाची ओळ कापली गेली असेल, तर हॉटेलला फोन करून विचारलेलं बरं.

कोंबडी-वडे. आमच्या कार्डावर एका प्लेटला चार वडे होते. वड्याचं पीठ मुख्यतः तांदळाचं, त्यात थोडी उडीद डाळ आणि गहू. एका मध्यम वड्यात २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं धरली, तर चार वड्यांत ८० ते १०० होतात. शिवाय वडा तळलेला असतो. तेलामुळे आणि वाटणातल्या खोबऱ्यामुळे पचन लांबतं, त्यामुळे दोन तासांनी साखर ठीक दिसते आणि तीन-चार तासांनी चढलेली सापडते. वडे खायचेच असतील तर दोन घ्यावेत, रस्सा-कोंबडी पोटभर घ्यावी, आणि त्यावर भात घेऊ नये.

सुरमई थाळी. तळलेली तुकडी, आमटी, सोलकढी, एक भाकरी किंवा दोन चपात्या आणि भात. इथली भाकरी तांदळाची असते, आणि बरेच जण फसतात ते इथेच. भाकरी म्हटलं की ती पथ्याची, असं आपण धरून चालतो. पण ५५-६० ग्रॅम पिठाच्या तांदळाच्या भाकरीत ४५ ग्रॅमच्या आसपास कर्बोदकं असतात, आणि वाटीभर शिजलेल्या भातात ४० च्या आसपास. दोन्ही खाल्लं की ८५ झालेच, हॉटेलातला भात वाटीभरापेक्षा जास्त असला तर त्याहूनही अधिक. थाळीतला भात नको असं आधीच सांगितलं, तर हीच थाळी ५५ च्या आत बसते. पैसे तेवढेच लागतील, पण ताटात आलेला भात आमटीबरोबर खाल्ला जातोच. सोलकढीत साखर घालतात का, तेवढं विचारून घ्यावं. बिनसाखरेची असेल तर एक वाटी चालते.

सुटे पदार्थ: बांगडा तवा फ्राय, तिसऱ्यांचं सुकं आणि एक ज्वारीची भाकरी. मामांसाठी मला हाच पर्याय सगळ्यात बरा वाटला. ज्वारीच्या भाकरीत ३५ ते ४० ग्रॅम कर्बोदकं, आणि तांदळाच्या पिठापेक्षा तंतू बरेच जास्त. माशाला वरून रवा लावलेला असला तर आणखी पाच-दहा ग्रॅम धरायचे. एवढं करूनही ६० च्या आत थोडी जागा उरते. मासा आणि कोशिंबीर आधी, भाकरी शेवटी, या क्रमाने जेवलं तर साखरेची उसळी कमी राहते. कार्डावर ज्वारीची भाकरी नसेल तर दोन लहान चपात्या घ्याव्यात.

शाकाहारी माणसासाठी काळ्या वाटाण्याची उसळ आहे. वाटीभर उसळीत २० ते २५ ग्रॅम कर्बोदकं असली तरी ती सावकाश पचतात. सोबत येणाऱ्या आंबोळ्या मात्र तांदळाच्या, तेव्हा एकीवर थांबावं.

मूत्रपिंडाचा त्रास असेल तर हा हिशेब बदलतो. तेव्हा पोटभर मासळी आणि खारवलेलं सुकं यांच्याबद्दल डॉक्टरांना विचारल्याशिवाय ठरवू नये.

भाकरी-भात पूर्ण टाळून नुसता मासा खायचा विचार मामांच्याही मनात आला होता. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्याने तसं करू नये. औषध साखर उतरवत राहतं आणि पोटात कर्बोदकं नसतात, म्हणून साखर ७० च्या खाली जाऊन घाम, थरथर, चक्कर येऊ शकते. हॉटेलात टेबल मिळायला उशीर होतो, हेही धरून चालावं. जेवणाआधीची गोळी घरून निघताना न घेता ताट समोर येण्याच्या बेताला घ्यावी, आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी.

मासा-भाकरीनंतर दोन तासांनी ग्लुकोमीटरवर पाहिलं तरी पुरतं. १८० च्या आत असेल तर त्या हॉटेलातलं ते ताट आपल्याला चालतं. वडे खाल्ले असतील तर चार तासांनी आणखी एकदा पाहावं.