राजीनाम्याच्या शेवटच्या दोन ओळी

महापेतल्या कंपनीत सहा वर्षं काढून निघताना मी राजीनाम्याचा शेवट दोन प्रकारे लिहून पाहिला.

पहिला: ‘कृपया मला शिफारसपत्र मिळावे, ही विनंती.’ सुटसुटीत, पण अर्ज थेट एचआरच्या फायलीत जातो. तिथून बहुधा अनुभवपत्र हाती पडतं: पद, रुजू तारीख, शेवटची तारीख. काम कसं केलं, याबद्दल अवाक्षर नाही.

दुसरा: ‘मॅडम, तुमच्या हाताखाली डिस्पॅचचं काम शिकलो. त्याबद्दल तुम्ही शिफारसपत्र दिलंत तर ऋणी राहीन. सवडीने द्या, जमणार नसेल तरी काही हरकत नाही.’ इथे कोणाकडून आणि कशाबद्दल हवं, दोन्ही स्पष्ट होतं. शेवटच्या वाक्यामुळे नाही म्हणायला वाट राहते. माणूस मानाचा असेल तर ती ठेवावीच, नाहीतर संकोचापोटी गुळमुळीत चार ओळी मिळतात.

मी दुसरा निवडला. मात्र मेल करण्याआधी मॅडमना केबिनमध्ये भेटून राजीनाम्याचं सांगितलं. कामांची यादी अर्जात कोंबली नाही. त्या हो म्हणाल्यावर अर्ध्या पानाचा वेगळा मेल केला. नोटीस पिरियडचे दोन महिने हाताशी होते, तरी पत्र पहिल्याच महिन्यात मागून घेतलं. शेवटच्या आठवड्यात हँडओव्हरपुढे कुणाला सुचतं!